पॅकिंगमधल्या किरणचा व्यवसाय कर

साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या किरणला काही उमगेना. तिचा आणि सोबत काम करणाऱ्या संध्याचा पगार सारखाच, महिना बावीस हजार, पण व्यवसाय कर कापला जायचा तो फक्त तिचा.

"पंचवीस हजारांपर्यंत बायकांना हा कर नसतोच गं," संध्या म्हणाली.

"मग माझ्यातच काय वेगळं हाय?"

दोघींनी मिळून पगार विभागाला पत्र लिहिलं: 'एप्रिल ते जानेवारी दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे एकूण तेवीसशे रुपये कापले गेले. माझी कपात शून्य हवी. तेवीसशे रुपये परत मिळावेत.'

पगार बघणाऱ्या प्रवीणने पत्र वाचलं, कॉम्प्युटर पाहिला. "कपात बरोबर आहे, मॅडम. पुरुषांना लागतोच."

"पण पुरुष कोण हाय?"

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. किरणच्या नावापुढे 'पुरुष' लिहिलेलं होतं.

"मागल्या वर्षी बाळंतपणाची रजा तुमीच दिलीत की मला," किरण म्हणाली.

प्रवीण एकदा तिच्याकडे, एकदा स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने नोंद दुरुस्त केली.

मार्चच्या पगारात तेवीसशे रुपये परत आले. ती रजा मंजूर कशी झाली, हे मात्र किरणला आणि प्रवीणला, दोघांनाही कळलं नाही.