दहा मिनिटांचं पाणी

सासरे जुलाबाने गेले. चौथ्या दिवशी मी त्यांची तांब्याची कळशी आमच्या प्रयोगशाळेत नेली. पाणी तपासणं हे माझं रोजचंच काम. घरच्या नळाचं पाणी तिच्यात भरलं, दहा मिनिटांनी एक नमुना घेतला आणि सोळा तासांनी दुसरा.

पहिल्या नमुन्याच्या काचेच्या बशीत जंतूंचे ठिपकेच ठिपके उगवले. दुसरीत एकही नाही.

नणंदेचा फोन आला. "तांब्याचं सगळं थोतांडच ना, वहिनी?"

"नाही. रात्रभर ठेवलं की हे जंतू मरतात. विषाणू मी तपासलेले नाहीत, त्यांचं सांगता येणार नाही."

"मग बाबांना कसं बाधलं? ते त्याच कळशीतलं प्यायचे."

सकाळी बाबांनी पहिला पेला काढला, की मी लगेच कळशी नळाखाली धरायचे. दिवसभर, प्रत्येक पेल्यानंतर. बाबा कौतुकाने म्हणायचे, "सूनबाई कळशी कधी उणी पडू देत नाही."

फोन ठेवला. रडू आलं नाही. कळशी घासली, घरी आणली आणि सवयीने काठोकाठ भरली.