तीन हजाराची स्पीड

मनोहररावांच्या घरात नवी वस्तू वापरायला काढत नाहीत, जपायला आणतात. टीव्हीचा रिमोट सहा वर्षांपासून प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि सोफ्याचं मूळ कापड कोणत्या रंगाचं हे फक्त दुकानदाराला माहीत. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. छापील आकड्यावर त्यांची श्रद्धा गाढ.

मुलगी सोनिका पुलांची ड्रॉइंग करते. शुक्रवारी अकराला पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती, आणि काढलेलं ड्रॉइंग स्क्रीनवर फिरवून दाखवायचं होतं. ते सॉफ्टवेअर मागच्या खोलीतल्या डेस्कटॉपवरच चालत होतं. राऊटर समोरच्या खोलीत. मध्ये एक भिंत आणि एक लोखंडी कपाट.

"बाबा, भिंतीतून केबल टाकू. पंधरा मीटर. काम खतम."

"भिंतीले छेद? दिवाळीतच रंग मारला ना वं!"

रंग वाचला. त्याऐवजी वडिलांनी नखाएवढा यूएसबी अडाप्टर आणला. खोक्यावर स्पीड सहाशे. सोनिकानं तो पाहिला. वाय-फायच्या एका पट्ट्यावर चारशे तेहेतीस, दुसऱ्यावर दीडशे. बेरीज पाचशे त्र्याऐंशी; खोकं छापणाऱ्यानं उदार मनानं सहाशे केली. एका वेळी मिळायचा एकच पट्टा, तोही कागदावरचा. वडिलांनी अडाप्टर डेस्कटॉपच्या पत्र्याच्या डब्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून खुपसला. स्पीड चार आली.

"अडाप्टरला एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर घेऊ," सोनिका म्हणाली.

"टेबलावर वायर लोंबकळते, बरं नाही दिसत. मी मोठा नंबर आणतो."

गुरुवारी सकाळी ते डेस्कटॉप ऑटोत घालून सीताबर्डीच्या बाजारात गेले. तिथे मार्तंड नावाचा दुकानदार ग्राहकाला ओळखून आकडा सांगतो.

"काका, हे कार्ड घ्या. आतमध्ये बसते. तीन हजार!"

"आमचं कनेक्शन शंभरचं हाये."

"त काय झालं? तीन हजार त तीन हजारच राहते ना काका."

मनोहररावांनी पाकीट काढलं. कार्ड बसवलं, चालवून दाखवलं, दुपारी घरी आलं. सोनिकानं स्पीड मोजली. दोन. मग दीड. मग संपर्क तुटला.

"तीन हजाराचं कार्ड हाये!" मनोहरराव म्हणाले. "तुमच्या कंपनीचंच काही चुकून राहिलं असन."

"माझी कंपनी अजून झाली कुठं बाबा? उद्या अशीच आवाजाची काशी झाली, त होणारबी नाही." फोनवरून नेट द्यावं, तर त्या खोलीत फोनला रेंजची एकच दांडी.

शुक्रवारी साडेदहाला तिनं डबा फिरवला. मागे कार्डाच्या पट्टीवर दोन पितळी बोंडं, उघडी.

"बाबा, इथं अँटेना लागते. दोन. कुठं हायेत?"

मनोहरराव शांतपणे म्हणाले, "ठेवल्या. ऑटोत तुटल्या असत्या. कपाटात, पिशवीत."

"कालच काहून नाही सांगितलं?"

"चालू होतं ना. त्या त एक्स्ट्रा वाटल्या मले. उद्या मूळच्या खराब झाल्या त?"

"ह्याच मूळच्या हायेत!"

आई शामला स्वयंपाकघरातून म्हणाली, "किल्ली द्या अहो तिले. माणसाचं डोकं बरं, पिशवीत ठेवलं नाही."

दोन दांड्या एका चुंबकी बैठकीवर होत्या, बैठकीला हातभर वायर. सोनिकानं वायरी बोंडांवर आवळल्या, बैठक डब्यामागून काढून टेबलाच्या दाराकडच्या टोकाला, कपाटाचा आडोसा चुकवून ठेवली, दांड्या उभ्या केल्या. स्पीड ब्याण्णव.

"ब्याण्णवच?" मनोहररावांचा चेहरा उतरला. "बाकीची कुठं गेली?"

"आपलं कनेक्शनच शंभरचं. तीन हजार म्हणजे दोन पट्ट्यांची बेरीज. तेबी समोरचा राऊटर तेवढा तगडा असन तं. आपला नाही."

"मार्तंडनं फसवलं," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

अकराला मुलाखत झाली. पूल स्क्रीनवर फिरला, अडकला नाही. साडेअकराला कंपनीवाले 'सोमवारपासून, घरूनच' म्हणाले.

सायंकाळी मनोहरराव शेजारच्या मधुकररावांना सांगत होते, "तीन हजारानं नोकरी लागली पोरीले." सांगून आत आले, अँटेना काढल्या, पिशवीत घातल्या, कपाटाला कुलूप लावलं. काम तर झालं होतं.

शनिवारी सकाळी घरात ड्रिलचा आवाज आला. मनोहरराव बनियनवरच धावले. दिवाळीच्या रंगावर पांढरा भुगा पडला होता आणि सोनिका छेदातून केबल ओढत होती.

"काय करून राहिली वं!"

"केबल टाकून राहिली. हिच्यावर आकडा नाही लिहिलेला बाबा. आता पिशवीत काय घालायचं ते पहा."