मास्तरांच्या पँटची शिलाई

टेलरमास्तरांना खोकला झालेलाच नव्हता. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. गेले पाच आठवडे त्यांना जे होत होतं, ते कधी नव्या कापडाच्या खळीमुळे, कधी खडूच्या पुडीमुळे, तर कधी इस्त्रीच्या वाफेमुळे. बटणकाकूंना मात्र तो खोकलाच ऐकू यायचा, कारण दुकानात दोघांच्या खुर्च्यांमध्ये हातभर अंतर होतं.

बटणकाकू म्हणजे मास्तरांची बायको. मशीन मास्तरांचं, काज, बटणं आणि हातशिलाई काकूंची. बोलण्याची वाटणी मात्र इतकी सरळ नव्हती.

“अहो, एकदा दवाखान्यात जाऊन या.”

“कशाला? डॉक्टर कापडाची खळ काढून देणार आहेत?”

“आणि संध्याकाळी अंग तापतं, ते?”

“दिवसभर चालवलं की मशीनची मोटरसुद्धा तापते. तिला कोणी दवाखान्यात नेत नाही.”

यावर काकूंनी दाताने दोरा तोडला. एरवी त्या कात्री वापरतात.

पुढच्या महिन्यात लेक येणार होती, दीड महिन्याच्या बाळाला घेऊन. नातवंड अजून फोनवरच पाहिलेलं. मास्तरांनी मशीनशेजारची कापडाची थप्पी हलवून पाळण्याला जागासुद्धा करून ठेवली होती. काकूंनी तिथेच पाचर मारली. “डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बाळाला मांडीवर घेऊ देणार नाही,” म्हणाल्या. मास्तर दुसऱ्याच दिवशी गेले, पण एकटे गेले. इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट. लग्नात नव्हते इतके टापटीप.

तासाभरात औषधाची बाटली घेऊन विजयी मुद्रेने परतले.

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खोकला किती दिवस? म्हटलं, आठ-दहा. वजन केलं, बावन्न. आधी किती होतं विचारलं, तर मी काय रोज वजन करत बसतो? मग म्हणाल्या, कपडे सैल होतायत का? मी उभा राहून दाखवलं. पँट बघा म्हटलं, कंबरेला बोटभरही सैल नाही.”

“आणि तापाचं?”

“ते विचारलं तेव्हा सकाळ होती. सकाळी मला ताप नसतो.”

बाईंनी आठवड्याने परत यायला सांगितलं होतं. ते वाक्य मास्तरांनी घरी आणलं नाही.

बाटली संपली, खोकला संपला नाही. त्याच सुमारास मास्तरांच्या पँटचं बटण तुटलं. ते लावायला काकूंनी पँट उलटी केली आणि हातातली सुई हातातच राहिली. मागच्या शिवणीला, आतल्या बाजूने, एकाशेजारी एक अशा पाच शिलाया होत्या. पहिली पँटच्या रंगाच्या दोऱ्याची. ती मूळची. बाकीच्या चार, कंबर थोडी थोडी आत घेत, मास्तरांनी मशीनवर जो दोरा लावलेला असेल त्यानेच मारल्या होत्या. स्वतःच्या पँटला आतून कोण बघणार?

बघणारी घरातच होती. पांढरा दोरा म्हणजे नर्सबाईंचे कोट, दोन महिन्यांपूर्वीचे. मग मरून, शाळेचे गणवेश. मग खाकी, पहारेकऱ्यांचे शर्ट. शेवटचा निळा तर परवाच्या पडद्यांचा. या सगळ्याची बटणं आणि हातशिलाई काकूंनीच केली होती. कुठलं काम कधीचं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी टेप लावली. कंबर अडीच इंच कमी झाली होती. माणूस रोज शेजारी बसून झिजत होता आणि आपण पँटच्या फिटिंगवर विश्वास ठेवून बसलो, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला. त्यांना भीतीही वाटली, पण ती त्यांनी मास्तरांना दाखवली नाही.

“चला,” एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात काकूंनी पिशवीतून पँट काढली आणि टेबलावर उलटी पसरली. डॉक्टरीणबाईंनी आधी पँटकडे, मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरचं घड्याळ फार लक्षपूर्वक बघत होते.

काकूंनी एकेका दोऱ्यावर बोट ठेवत दोन महिन्यांचा हिशेब मांडला. बाई मध्येच हसल्या, पण शेवटच्या शिलाईशी येईपर्यंत त्यांचं हसू ओसरलं होतं.

“मास्तर, मी कपडे सैल झाले का विचारते, कारण लोकांना वजन आठवत नाही, कपडे आठवतात. शिंप्याला हा प्रश्न विचारू नये, हे आज शिकले. खोकला खरा किती दिवसांचा?”

“साडेसहा आठवडे,” काकू म्हणाल्या.

“सहा,” मास्तर पुटपुटले.

“तीन आठवड्यांच्या वर गेलेला खोकला, रोज संध्याकाळचा ताप, वर वजन उतरतंय. खोकल्याचं औषध देऊन मला हे झाकता येणार नाही. टीबी आहे की नाही ते बघायलाच हवं. छातीचा फोटो काढू आणि बेडका तपासू. नुसत्या अंदाजावर ना गोळ्या देता येत, ना घरी पाठवता येत.”

मास्तरांना झाकणाची डबी मिळाली. अंगणात उघड्यावर जाऊन त्यांनी ती भरून आणली. नीटनेटका माणूस; आत नितळ थुंकी. तपासनीसाने डबी उजेडात धरली आणि परत दिली.

“काका, ही तोंडातली लाळ आहे. मला छातीतलं हवंय. पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घ्या, मग खोकून काढा. घाण वाटली तरी चालेल, तीच तपासायची आहे. दुसरी डबी उद्या सकाळी उठल्या उठल्या.”

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. टीबी होता. नेहमीच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे, हेही त्याच तपासणीत कळलं होतं. सहा महिने गोळ्या, वजनाप्रमाणे, एकही दिवस न चुकवता. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. काकूंचीही तपासणी करायची.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, “मला वाटतच होतं. पण नाव निघालं असतं तर लेक बाळाला घेऊन आली नसती. म्हटलं, एकदा येऊन जाऊ दे. मग बघू.”

काकूंना त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडता येईना.

“मास्तर,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, “ती आली असती. तुम्ही बाळाला दिवसभर मांडीवर घेतलं असतं आणि त्याच्या तोंडाजवळ खोकला असतात. इतक्या लहान जिवाला हा आजार फार वाईट गाठतो. आता भेट थोडी लांबेल, एवढंच. गोळ्या लागू पडल्या की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पण कधी भेटायचं ते मी तपासून सांगेन. तुमच्या अंदाजाने नाही.”

घरी येऊन काकूंनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि लेकीला फोन लावला. मास्तरांनी हात पुढे केला. ते फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, म्हणून काकूंनी जरा बिचकतच फोन दिला.

“मला टीबी झालाय,” ते म्हणाले. “तपासून आलोय, गोळ्या सुरू झाल्यात. बरा होणार आहे म्हणतात. पण तू बाळाला इतक्यात आणू नकोस. डॉक्टरांनी सांगितलं की मीच कळवीन.”

 पलीकडून लेक काहीतरी बोलली आणि मग तिने फोन बाळाजवळ नेला असावा, कारण बारीकसा आवाज काकूंनाही ऐकू आला. मास्तरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात उबळ आली. बाळ तिकडे दोनशे मैलांवर होतं, तरी मास्तरांनी फोन हात लांब करून धरला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि रुमालात खोकले.