बदली माणसाचं कलम

धर्मराजची बायको सरूबाई दिवाळी उरकून तिच्या भावाच्या जोडीनं ऊसतोडीला सांगलीकडं गेली, तेव्हापासून तो तिला भेटला नव्हता. बीडमधल्या सोसायटीची बाग आणि जिने एकट्याच्या अंगावर. एक दिवस गैरहजर राहिला तर पायऱ्यांवर कचरा साचायचा, आणि फोन यायचा ठेकेदारीणबाईंना, यशोधराताईंना. संध्याकाळी तो सरूबाईला फोन लावायचा. "येतो म्हनलासा ना, मग कवा येतासा?" ती विचारायची. मागं ट्रॅक्टरचा आवाज असायचा.

ठेका संपत आला. यशोधराताई धर्मराजच्या शेजारी बाकावर बसून नव्या वर्षाचा प्रस्ताव लिहीत होत्या. मजुरी वेगळी, सामान वेगळं: शेणखत, औषध, फिनेल, झाडू, गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल. पाणी-वीज सोसायटीची. नळ फुटला तर दुरुस्तीचं अंदाजपत्रक आधी मंजूर करून घ्यायचं.

"आनखी काय घालू, धर्मराज?"

तो म्हणाला, "ताई, माझ्या जागी कुनी बदली ठेवता येईल का? मला एकदा सरूकडं जायचं हाय."

ताईंनी लगेच कलम घातलं. नेहमीचा माणूस रजेवर गेला की बदली आम्ही देऊ, त्याचा जादा आकार नाही.

रविवारी सभेत सचिव विठ्ठलरावांनी तेवढ्याच ओळीवर बोट ठेवलं. "बदली माणूस अनोळखी. चार दिवस कुणीही जिन्यात फिरणार?"

"कुणीही न्हाई," ताई म्हणाल्या. "एकच बाई ठरलेली, वत्सलाबाई. आधारची प्रत तुमच्याकडं राहील. आधी दोन दिवस धर्मराजबरोबर काम करून बघंल."

"आणि तीही आली नाही तर?"

"तर मी येईन. तसं लिहून देते."

विठ्ठलरावांनी चष्मा काढला. धर्मराज दाराशी उभा होता, त्याच्याकडं बघून ते म्हणाले, "रजा कुठं जायला पाहिजे रे?"

"बायकोकडं, साहेब."

सभेत कुणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्षाराणी म्हणाल्या, "लिहा की. आपणही सुट्टी घेतोच."

जानेवारीत वत्सलाबाईंना शेवंतीचा वाफा दाखवून, कुठल्या जिन्यावर पाणी साचतं ते सांगून, धर्मराज एसटीत बसला.

उसाच्या फडावर पोचला तेव्हा दुपार टळली होती. तोडणीची टोळी अजून उसात होती. सरूबाईच्या पाचटाच्या कोपीसमोर चूल गार पडली होती, दोरीवर तिची निळी साडी वाळत होती. त्यानं साडीचा काठ हातात घेतला. ऊस आणि धूर, दोन्हींचा वास होता तिला. तिचा रोजचा वास मात्र त्यात कुठं सापडेना.

मग गाडीवाटेनं बाया येताना दिसल्या. डोक्यावर वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, चेहरे काळवंडलेले. धर्मराजनं एकेक चेहरा निरखला. त्यातली एक थांबली, तिनं भारा खाली टाकला; सरूबाईच होती.

"कावून आलासा?" ती म्हणाली. "बागेला कोन हाय मग?"

"बदली माणूस हाय," तो म्हणाला. तिच्या हाताच्या भेगांवर नजर गेली आणि खाली पडलेला भारा त्यानं उचलला.