फळ्यावर न लिहिलेल्या चार ओळी

आमच्या सकाळी पळणाऱ्यांच्या गटात कुणाला वय विचारावं लागत नाही. मैदानावरच्या शेडमधल्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा लिहिलेला आहे. तो एकशे ऐंशीतून वजा केला की वय हातात. कापडवाल्याने पहिल्या दिवशी चार वर्षं खिशात घातली होती. त्याची बायको त्याला घ्यायला आली, फळा वाचला आणि म्हणाली, "हे लग्नाच्या वेळी का नाही सांगितलंत?" आकडा तिथल्या तिथे चारने खाली आला.

नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, शिट्टी अजून गळ्यात. कुठल्याशा शिबिरातून ते एक छापील कागद घेऊन आले. एकशे ऐंशीतून वय वजा करा, उरेल त्याच्या वर नाडी जाऊ द्यायची नाही. मास्तर याला 'दुसरा झोन' म्हणायचे. "रोज छाती फुटेस्तोवर पळून दम वाढत नाही. हळू पळा, पुष्कळ पळा. आतलं इंजिन हळू पळण्याने मोठं होतं." यात खोटं काही नव्हतं. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ. आकडा ओलांडला की घड्याळ पिंपिं करतं आणि माणसाने मुकाट्याने चालायला लागायचं.

वही माझ्याकडे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढल्यामुळे सगळे मला स्टोअरकाका म्हणतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ आकड्याच्या वर राहिला, त्याच्या खात्यात लाल फुली. वय त्रेसष्ट, आकडा एकशे सतरा, आठ आठवड्यांत लाल फुली एकही नाही, हे खातं कुणाचं ते वेगळं सांगायला नको. मास्तर सगळ्यांना ते पान दाखवायचे. "शिस्त बघा! याला म्हणतात स्वतःवर ताबा."

आणि सर्वांत जास्त फुल्या ग्रंथपालबाईंच्या.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. वाचनालयात दिवसभर लोकांना गप्प बसवतात आणि ते सगळं बोलणं सकाळी पळताना भरून काढतात. सहा वर्षं नेमाने पळतायत, एक दुखापत नाही. त्यांचा आकडा एकशे बावीस. पण साध्या दुडक्या चालीतही त्यांची नाडी एकशे अडतीसला जाऊन बसायची. मास्तरांना वाटलं पट्टा बिघडला. माझा पट्टा त्यांना बांधला, तरी अडतीस. त्यांचा मला बांधला, तर मी एकशे बारा.

"बाई, वेग कमी करा."

"मास्तर, याहून कमी केला तर मला लोक रस्ता विचारायला थांबवतील."

सगळे हसले. मीही हसलो आणि हसत हसत फुली मारली.

त्या दोन महिन्यांत बाई जवळजवळ चालतच होत्या. शंभर पावलं पळायचं, पिंपिं, चालायचं. पुढे पळणारे वळून बघायचे. एकदा कापडवाला म्हणाला, "बाई, हे घड्याळ आहे की तुमच्या वाचनालयाची घंटा?" त्या दिवशी बाईंनी उलट उत्तर दिलं नाही. बाई उत्तर देत नाहीत, हेही वहीत लिहिण्यासारखं होतं. मी लिहिलं नाही.

कारण या सगळ्याच्या शेवटी एक झेंडा होता. वार्षिक दौडीत नवख्यांचा एक जथा असतो, दहा किलोमीटर, ऐंशी मिनिटांत. त्यांना बरोबर वेळेत नेणारा माणूस आमच्या गटातून जातो. त्याच्या पाठीला झेंडा बांधलेला असतो आणि वाटभर तो लोकांशी बोलत, त्यांना धीर देत पळतो. बाईंना तो झेंडा हवा होता. सहा वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच एका झेंड्यामागे पहिल्यांदा पळाल्या होत्या, हे त्यांनी निदान दहा वेळा सांगितलं असेल. मास्तरांनी ठरवलं, सर्वांत कमी फुल्या त्याला झेंडा.

झेंडा मला मिळाला.

आता माझ्या खात्याची दुसरी बाजू. चार वर्षांपासून मी रक्तदाबाची एक गोळी घेतो. डॉक्टरांनी ती देतानाच सांगितलं होतं, "ही हृदयाचे ठोके कमी करते. नाडी बघून मेहनतीचा अंदाज करू नका." बायको रोज नाश्त्याच्या ताटाशेजारी ती ठेवते आणि मी गिळेपर्यंत नजर हलवत नाही; नाश्त्याआधीच निघायचं असलं, तर पुडीत बांधून देते. गटात मात्र मी हे कुणाला सांगितलं नाही. निरोगी म्हातारा ही माझी एकच मिळकत उरली होती.

नाडी एकशे बारा असताना माझा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालायचा. म्हणून मी नेहमी दहा पावलं पुढे पळायचो. लोकांना तो जोम वाटायचा. खरं कारण इतकंच, की शेजारी कुणी असलं तर बोलावं लागतं.

आणि तो छापील कागद. फळ्यावर उतरवायला मास्तरांनी तो माझ्याकडे दिला होता, कारण माझं अक्षर चांगलं. मास्तरांना ठळक अक्षरांखालचं वाचायची सवय नाही. नियमाखाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. मोठ्या आजारातून उठला असाल किंवा कायमचं औषध चालू असेल, तर आणखी दहा वजा करा. दुखापत असेल, वारंवार सर्दीपडसं होत असेल, तर पाच वजा. दोन वर्षांहून जास्त नेमाने, दुखापतीशिवाय पळत असाल आणि प्रगती होत असेल, तर पाच मिळवा. पासष्टच्या पुढच्यांना आणि पोरासोरांना हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. पहिल्याच ओळीत 'औषध' हा शब्द दिसला आणि मी खडू खाली ठेवला. मास्तरांना म्हटलं, "बाकी किरकोळ आहे, फळ्यावर जागा नाही." फळ्यावर खाली वीतभर जागा होती. बाईंचे हक्काचे पाच ठोके मी तिथे गिळले.

दौडीच्या दिवशी पाठीला झेंडा आणि मागे चाळीस नवखे. बाई त्यांच्यातच, छातीला क्रमांकाची साधी चिठ्ठी लावून. माझ्याशेजारी बँकेतली एक मुलगी होती, पहिलीच दौड.

"काका, पाणी कुठे मिळेल?"

मी बोटाने पुढे दाखवलं.

पाचव्या किलोमीटरला, "काका, वेग बरोबर आहे ना?"

मी मान हलवली.

सातव्याला, "काका, किती राहिलं?"

मी तीन बोटं वर केली. ती मागच्यांना म्हणाली, "काका मौनात आहेत बहुतेक."

घड्याळावर एकशे सोळा. घड्याळ गप्प. त्याच्या मते मी मजेत होतो. मागून मात्र बाईंचा आवाज सारखा येत होता, "खांदे सैल सोडा... अहो लाल मोजेवाले, घोट घोट प्या, गटागटा नको... आता चढ आहे, पावलं लहान टाका." अख्खी वाक्यं, पूर्णविरामासकट. आणि त्यांच्या मनगटावर अखंड पिंपिं.

चढाच्या मध्यावर माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं. मी फुटपाथच्या कडेला बसलो. बसलो म्हणजे पायांनीच बसवलं. झेंडा दिसत नाही म्हटल्यावर चाळीस माणसं थांबली.

बाई आल्या. आधी माझ्या मानेला हात लावला, मदतीच्या माणसाला हाक मारून माझ्याजवळ बसवलं. मग माझ्या पाठीची गाठ सोडली, झेंडा स्वतःला बांधला, घड्याळ काढून कंबरेच्या पिशवीत कोंबलं.

"चला. तीनच राहिलेत. मी बोलते, तुम्ही पळा."

एकोणऐंशी मिनिटांत चाळीसच्या चाळीस पोहोचले.

दौडीच्या मदत-तंबूतल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांसमोरच विचारलं, "औषधं कोणती?" मी गोळीचं नाव सांगितलं. इतकं हळू, की दोनदा सांगावं लागलं.

"आणि तुम्ही नाडी बघून पळता? या गोळीवर ठोके दाबलेले असतात. तुमचे एकशे सोळा म्हणजे जवळजवळ जीव तोडून पळणं. दहा वजा करून, वीस वजा करून भागत नाही, हिशोबच बदलतो. गोळी मनाने बंद करायची नाही, समजलं? आधी नीट तपासणी, मग पळणं. आणि तेही श्वासावर. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे."

मास्तर म्हणाले, "आणि ज्यांची नाडी आकड्याच्या वर जाते, पण बोलता येतं?"

"त्यांचं हृदय सरासरीपेक्षा जलद चालत असेल. एका वयाच्या दोन माणसांत वीस-पंचवीस ठोक्यांचा फरक सहज असतो. तो नियम अंदाज आहे हो, जन्मपत्रिका नाही."

परतताना मास्तर शिट्टीशी चाळा करत राहिले. शेवटी म्हणाले, "चूक माझी. मी कुणाला औषधाचं विचारलंच नाही. त्या कागदावर असं काही असायला हवं होतं."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, थकव्याने घातली.

तो कागद माझ्याच वहीच्या पुठ्ठ्यात होता. ठेवलेली वस्तू फेकायची नाही ही स्टोअरची सवय. दोन दिवस मी तो काढला आणि परत सरकवला. बायकोने विचारलं, "प्रेमपत्र आहे का? एवढं काय त्यात?" मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "अहो, गोळी मी रोज डोळ्यांदेखत देत होते. लपवायला मी काय चोरीची दिली होती?"

सोमवारी शेडमध्ये, सगळे पट्टे बांधत असताना, मी कागद मास्तरांच्या हातात दिला. "या चार ओळी मी मुद्दाम लिहिल्या नाहीत." पुढचं वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं, ते विसरलो.

मास्तरांनी कागद वाचला, या वेळी खालपर्यंत. घडी घालून खिशात ठेवला. मग मी वही बाईंसमोर धरली. "तुमच्या सगळ्या फुल्या खोडतो."

"खोडू नका," बाई म्हणाल्या. "मारल्यात ना, राहू देत." मग पट्टा गुंडाळत सहज म्हणाल्या, "माझ्या भावाला तीच गोळी आहे. तीन मजले चढला तरी नाडी नव्वदच्या वर जात नाही. तुम्ही एकदा इथे नळाशी ती घेताना मी पाहिलं होतं. दौडीच्या महिनाभर आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. रोज वाटायचं, आज बोलतील."

त्यांच्या आवाजात राग असता, तर त्यांच्यासमोर उभं राहणं सोपं गेलं असतं.

मास्तरांनी फळा पुसला. सगळे आकडे गेले, वयंही गेली. नवीन रकाना आखला : 'बोलता आलं का?' तपासणी होईपर्यंत मला फक्त चालण्याची परवानगी होती. मी नेहमीप्रमाणे वही घेऊन मैदानाच्या वळणावर जायला निघालो, तर बाईंनी हात पुढे केला.

"वही इकडे. स्वतःची नोंद स्वतः घ्यायची नाही."

मी एक फेरी चाललो आणि पहिल्यांदाच कुणाच्याही पुढे नव्हतो. वळणावर बाई पेन उघडून उभ्या होत्या.

"हं स्टोअरकाका, एक पूर्ण वाक्य बोला."

दम लागला नव्हता. श्वास अगदी शांत होता. तरीही, "बाई, मी तुमची..." इतकंच आलं.

त्यांनी थोडी वाट पाहिली. मग माझ्या नावापुढे लिहिलं, 'नाही', आणि मागून येणाऱ्या कापडवाल्याकडे वळल्या.