राजा-राणीच्या पायऱ्या

प्राणेशचा उदारपणा काय विचारता! म्हैसूरच्या कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात, मध्यस्थ जयलक्ष्मी मॅडमसमोर, त्यानं छाती पुढं काढून सांगून टाकलं : फ्लॅट मी ठेवतो, कर्जाचे हप्तेही मीच भरतो, कमलाक्षीला झळ नको. भांडण नव्हतंच म्हणा. नवरा-बायकोचं पटेनासं झालं होतं, घटस्फोट हवा होता, एवढंच.

कमलाक्षीला मात्र त्या उदारपणाचा भारी राग आला. कर्जावर दोघांच्या सह्या. आपापसात काहीही लिहा, बँक त्याला बांधील नाही. ह्यानं हप्ते थकवले की बँक हिच्याही दारात. तिला शाळेजवळ छोटंसं घर घ्यायचं होतं, स्वतःच्या एकटीच्या नावावर. जुन्या कर्जात नाव अडकलेलं असताना नवं कर्ज कोण देणार? नि प्राणेशच्या एकट्याच्या पगारावर तिचं नाव काढायला बँक तयार नव्हती.

जयलक्ष्मी मॅडम निकाल देत नसत, प्रश्न विचारत. दोघांशी वेगवेगळं बोलून झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, फ्लॅट विकायला अडचण कसली?

प्राणेश म्हणाला, "पायऱ्या."

नवरात्र-दसऱ्याला गोंबे, म्हणजे बाहुल्या मांडायच्या, म्हणून त्यानं हॉलच्या भिंतीला सागवानी पायऱ्या बसवल्या होत्या. रंधा स्वतः मारलेला, सुताराला हात लावू दिला नव्हता. सगळ्यात वरच्या पायरीवर राजा-राणीची जोडी, लग्नात कमलाक्षीच्या आईनं दिलेली.

अय्यो, हा माणूस! कमलाक्षीचा राग कुठल्या कुठं गेला. सामानाची वाटणी पहिल्याच बैठकीत झाली होती : फ्रिज हिला, स्कूटर त्याला, माहेरून आलेलं सगळं हिचंच.

"अहो, गोंबे तर माझ्याबरोबर चालले," ती म्हणाली. "रिकाम्या पायऱ्यांसाठी घर धरून बसणार का तुम्ही?"

प्राणेशनं चष्मा काढून पुसला. "सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "विकू या."

मग तसंच ठरलं. येणाऱ्या पैशातून आधी बँकेचं कर्ज फेडायचं, उरेल ते निम्मं निम्मं. करारावर दोघांनी सह्या केल्या, तो फॅमिली कोर्टाकडे गेला. फ्लॅट विकला, कर्ज मिटलं, आणि कमलाक्षीला तिचं घर मिळालं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी त्या घराच्या दारात पायऱ्यांच्या फळ्या घेऊन प्राणेशची रिक्षा थांबली. पायऱ्या मिळणार नाहीत, हे त्यानं फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला आधीच बजावलं होतं. फळ्या उतरवून त्यानं भिंत मापली, ती अंमळ आखूड निघाली. फळ्या कापताना तो कुरकुरला, पण बसवल्या पक्क्या.

राणी हिनं वर ठेवली, राजा त्याच्या हातात दिला. तो ठेवून, कॉफी पिऊन प्राणेश आपल्या बिऱ्हाडी गेला. कमलाक्षीनं भुसा झाडला आणि आपल्या घराचं दार लावून घेतलं.