बत्तीस कलमं, एक काडी

सीताबर्डीच्या 'ऑरेंज व्ह्यू' हॉटेलातून संत्र्याचं एकही झाड दिसत नसे. दिसे ती रेल्वेची मालधक्क्याकडची भिंत. पण मालक मारोतराव शेठ मूळचे काटोलच्या संत्र्यांचे व्यापारी, आणि नाव ठेवण्याचा हक्क पैसे घालणाऱ्याला असतो. खोल्या चाळीस. त्या चाळीस खोल्यांचा मुकादम होता कवडू, आणि सन सदतीसच्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या कमरेला चाळीस किल्ल्यांचा जुडगा होता.

कवडूचा बाप उमरेडचा कोष्टी. माग बंद पडला, पोरगा नागपुरात आला, चौदा वर्षांत खोल्यांचा मुकादम झाला. चादरीवरून हात फिरवला की सूत कितीचं, धुण्याला किती वेळा गेली आणि धोब्यानं नीळ जास्त घातली की कमी, हे त्याला कळे. खोलीच्या वेळेचंही त्याचं गणित हाताच्या सरावातून आलेलं होतं. पाहुणा निघून गेलेल्या खोलीला पंचेचाळीस मिनिटं, पाहुणा राहत असलेल्या खोलीला पंचवीस. रोज सरासरी सोळा खोल्या सुटायच्या, चोवीस राहत्या असायच्या. एकूण तेराशे वीस मिनिटं. चार माणसांत वाटली की प्रत्येकी साडेपाच तास. बाकीच्या वेळात चादरी मोजायच्या, पाणी भरायचं, जेवायचं. गणित बसत होतं, म्हणून कोणी ते लिहून ठेवलं नव्हतं.

मग मनोहरराव आले. शेठचे जावई. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात दीड वर्ष काम शिकून आलेले, असं ते सांगत; नेमकं कोणतं काम, हे ते सांगत नसत. आल्या आठवड्यात त्यांनी तक्ता छापून आणला. खोली तपासणीची बत्तीस कलमं: मच्छरदाणीची भोकं, पंख्याची पाती, सुरईचं पाणी, गादीखालची पट्टी, साबणाची वडी, कपाटाचा माथा. प्रत्येक कलमापुढे खूण, शेवटी तपासणाऱ्याची सही आणि वेळ. तक्ता खरोखर चांगला होता. कवडूनंही मनात तसंच म्हटलं, आणि पुढे त्याला त्या वाक्याचा पस्तावा झाला नाही.

बिघडलं ते वेळेवरून. मनोहररावांनी खिशातलं घड्याळ काढून नऊ नंबरची खोली चार नोकरांपैकी रुपरावकडून साफ करवून घेतली. अठ्ठावीस मिनिटं लागली. त्यांनी सुटलेल्या खोलीला तीस आणि राहत्या खोलीला पंधरा मिनिटं ठरवून टाकली. नऊ नंबर तीन दिवस रिकामी होती, पलंगावर कोणी झोपलं नव्हतं, न्हाणीघर कोरडं होतं, हे कवडूनं सांगितलं. मनोहरराव म्हणाले, खोली ती खोलीच. नव्या हिशेबानं चाळीस खोल्यांचं काम आठशे चाळीस मिनिटांत बसत होतं. म्हणजे चौथा माणूस जास्तीचा. देवरावला काढलं. देवराव कन्हानला कोळशाच्या खाणीकडे गेला.

तीन माणसांत काम खरं तर प्रत्येकी सव्वासात तासांच्याही वर गेलं. होत होतं, पण त्यात धुळीला बसायला वेळ नव्हता. झाडल्यावर धूळ खाली बसायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात न्हाणीघर उरकायचं आणि मग वरून खाली पुसत यायचं. हे ज्याला माहीत नाही त्यानं वेळ ठरवली, की धूळ पाहुण्याच्या उशीवर बसते.

मनोहररावांची आणखी एक युक्ती होती, मुंबईची. सकाळी एखाद्या खोलीत कपाटाच्या मागच्या पायाशी आगकाडी ठेवायची. दुपारी ती तिथंच सापडली, की खोली नापास. एका गुरुवारी चौदा नंबरमध्ये काडी सापडली. ती खोली त्या दिवशी कवडूनं स्वतः केली होती, कारण रुपरावला ताप होता आणि देवराव कन्हानला.

गुरुवारी शेठ हॉटेलात यायचे. त्यांच्यासमोर, सगळ्या नोकरांसमोर मनोहररावांनी कवडूच्या कमरेचा जुडगा सोडून घेतला आणि स्वतःच्या पट्ट्याला अडकवला. मग ओठांत सिगारेट धरून म्हणाले, "आता ती काडी पेटव. निदान एक काम तरी तिच्याकडून झालं पाहिजे."

कवडूनं काडी पेटवली. शेठ खिडकीबाहेर मालधक्क्याची भिंत पाहत राहिले. मुकादम बदलता येतो, जावई बदलता येत नाही, हे त्यांना व्यापारातूनच कळलं होतं. सिगारेट पेटली. अर्धी जळालेली काडी कवडूनं विझवली आणि पान-तंबाखूच्या चंचीत ठेवली.

घरी त्याची बायको, शामला, म्हणाली, सोडून द्या, कळमेश्वरला माझ्या भावाकडं जाऊ. कवडू म्हणाला, "मले नोकरी सोडायची नाही वं. मले जुडगा पाहिजे." मग म्हणाला, "आन तो त्याच्या हातानं पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून पहिल्या मजल्यावरच्या दहा खोल्या कवडूकडे आल्या. तपासणी मनोहरराव स्वतः करू लागले. प्रत्येक खोलीचा महिन्याचा तक्ता त्या मजल्यावरच्या चादरींच्या कपाटात टांगलेला असे. कवडूला मराठी चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, आणि आकडे तर कोणालाही वाचता येतात. तिसऱ्याच दिवशी त्याला गंमत दिसली. चौदा नंबरची तपासणी एक वाजून चौदा मिनिटांनी झाली होती. पंधरा नंबरची एक पंधराला. सतरा नंबरची एक सतराला. आदल्या दिवशीही तसंच. जावईबापू तक्ते ऑफिसात मागवून, तिथंच बसून खोलीच्या नंबराएवढी मिनिटं लिहीत होते. बत्तीस कलमं, एक मिनिट. ज्यांनी सगळ्यांना वेळ ठरवून दिली, ते स्वतःला वेळ द्यायला विसरले होते.

हे शेठना तेव्हाच सांगता आलं असतं. पण सांगितलेलं जावई नाकारतो आणि सासरा विसरतो. म्हणून कवडूनं एक संत्रं सोललं.

सालीचा एक तुकडा त्यानं स्टुलावर चढून चौदा नंबरच्या कपाटाच्या माथ्यावर ठेवला. कलम एकोणीस: कपाटाचा माथा, स्वच्छ. दुपारी तक्त्यावर खूण आली, सही आली, एक चौदा आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरी साल ठेवली, पहिलीच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी तिसरी. बाकी खोली तो अशी लख्ख करायचा, की एका पाहुण्यानं मुद्दाम खाली येऊन मनोहररावांचं अभिनंदन केलं. मनोहररावांनी ते स्वीकारलं.

बारा साली झाल्या. तेराव्या दिवशी गुरुवार होता. चौदा नंबरमधली काटोलची मंडळी लग्न आटोपून सकाळीच मोटारीनं गेली होती. त्या खोलीत सहा माणसं आणि तीन पोरं राहिली होती, हे नुसतं दार उघडल्यावर कळत होतं. कवडूनं खोलीला हात लावला नाही. चंचीतून अर्धी जळालेली काडी काढून कपाटाच्या मागच्या पायाशी ठेवली, दार लावलं, आणि शेठ आल्यावर हात जोडून म्हणाला, मालक, चौदा नंबरमधी जरा येता काय.

शेठ आले. मागून मनोहरराव आले, कारण सासरे कुठे जातात हे पाहणं त्यांना आवश्यक वाटे. रुपराव स्टूल आणि चौदा नंबरचा तक्ता घेऊन आला. कवडूनं माथ्यावरच्या साली एकेक करून टेबलावर मांडल्या. पहिली चामड्यासारखी काळपट, मोडली तर तडकन आवाज होणारी. मग आकसलेल्या, मग वाकलेल्या, आणि शेवटची अजून ओलसर, तिला संत्र्याचा वास येत होता. तीस वर्षं साली हाताळलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागलं नाही. शेठनी एकेक उचलून दाबून पाहिली. मग तक्ता पाहिला. एकोणीस नंबरच्या कलमावर त्या बारा दिवसांच्या बारा खुणा. बारा सह्या. बारा वेळा एक चौदा.

"कोणं ठेवल्या?" शेठनी विचारलं.

"म्या ठेवल्या मालक. साहेब काडी ठेवत होते आमच्यासाठी. म्या साल ठेवली साहेबांसाठी."

मनोहरराव लाल झाले. हा कामचुकारपणा आहे, हे लोक तीस मिनिटांचं काम पंचेचाळीस मिनिटं रेंगाळतात आणि उरलेल्या वेळात असले उद्योग करतात, असं बरंच बोलले. कवडू टेबलावरच्या साली पुन्हा ओळीत लावत होता. त्याला हवं असलेलं वाक्य अजून यायचं होतं.

"नऊ नंबर तीन दिवस रिकामी होती साहेब," तो हळूच म्हणाला. "मंग तीस मिनिटं कोणालेही पुरतीन."

"कोणतीही खोली द्या," मनोहरराव म्हणाले. "ही द्या. मी स्वतः करून दाखवतो. तीस मिनिटांत."

बोलून झाल्यावर त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी त्यांना थांबवायला हवं होतं, जावयाला झाडू हातात घेऊ द्यायची रीत नाही. शेठ खुर्ची ओढून दारात बसले.

"बापू मनतेत तर पाहू," ते म्हणाले. "कवडू, घड्याळ धर गा."

घड्याळ मनोहररावांचंच होतं. कोट काढला, तो ठेवायला स्वच्छ जागा सापडेना, रुपरावनं घेतला. त्यांनी टेबल पुसलं, आरसा पुसला, कपाट पुसलं, छान चमकवलं. मग पलंगाची चादर ओढली. लग्नातली हळद, केसांचं तेल, संत्र्याच्या बिया, पोरांनी खाल्लेला चिवडा असं सगळं जमिनीवर आलं. मग त्यांनी झाडायला घेतलं. नागपूरची हिवाळ्यातली कोरडी धूळ उठली आणि पुसलेल्या टेबलावर, आरशावर, कपाटावर निवांत बसली. खिडक्या उघडायच्या राहिल्या होत्या. पंधराव्या मिनिटाला ते खोकू लागले. विसाव्या मिनिटाला मच्छरदाणी सोडवताना एक दोरी तुटली. तिसाव्या मिनिटाला कवडूनं घड्याळ मिटलं तेव्हा ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभे होते, हातात ज्या फडक्यानं टेबल पुसलं तेच फडकं घेऊन.

कवडूनं तपासणी केली. घाई केली नाही. एकेक कलम मोठ्यानं वाचलं, बोट फिरवलं, खूण केली. आठ मिनिटं लागली. रुपराव घड्याळ पाहत होता. बत्तीसपैकी तेवीस कलमं नापास. शेवटी तो गुडघ्यावर बसला, कपाटाच्या मागे हात घातला आणि काडी बाहेर काढली.

"वळखता काय साहेब?" तो म्हणाला. "हिच्यानंच तुमची सिगारेट पेटली होती. आता ही पेटत नाही."

मनोहररावांनी पट्ट्याचा जुडगा सोडून कवडूला दिला. स्वतःच्या हातानं. शेठनी त्यांना सांगितलं नव्हतं. शेठ फक्त जुडग्याकडे पाहत होते.

वेळ पुन्हा पंचेचाळीस आणि पंचवीस झाली. कन्हानला निरोप गेला, देवराव परत आला. तपासणीला खोलीमागे आठ मिनिटं ठरली. तेवढा वेळ चाळीसही खोल्यांना देता येत नसल्यानं कवडू रोज सुटलेल्या सोळा तपासायचा आणि राहत्यांपैकी चार, दर दिवशी वेगळ्या. तक्ता मात्र मनोहररावांचाच राहिला. कवडूनं त्यातलं एकही कलम बदललं नाही.

फक्त एक तक्ता जास्तीचा छापून घेतला. रोज दुपारी एक वाजता, पहिल्या खोलीच्या आधी, तो मनोहररावांच्या ऑफिसचं दार ठोठावतो, अदबीनं आत येतो, खुर्चीखाली वाकतो, कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवतो. जावईबापू लिहायचं थांबून बाजूला उभे राहतात. आठ मिनिटं लागतात. ऑफिस अजून एकदाही पास झालेलं नाही.